कुकरला कंपनीची रिंग-व्हॉल्व्ह की बाजारातली सुटी?

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीत दोन्ही मिळतात. शेजारच्या काकूंच्या पाच लिटरच्या कुकरला शिट्टी येईना, वाफ कडेनं जायची. रिंग दुमडून पाहिली तर आतल्या बाजूला बारीक चिरा, रबर कडक झालेलं. ती बदलायचीच.

रिंगेच्या बाबतीत सुटीही चालून जाते, पण नुसतं ‘पाच लिटरची द्या’ म्हणून भागत नाही. कंपनीनुसार झाकणाचा व्यास बदलतो, आतल्या आणि बाहेरच्या झाकणाची रिंगही वेगळी. झाकणच दुकानात घेऊन जा, तिथंच बसवून बघा. सैल पडली किंवा ओढून बसवावी लागली तर परत द्या.

सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र मी सुटा कधीच घेणार नाही. कुकर कोरडा पडून तापला की त्यातला मिश्रधातू ठरलेल्या तापमानाला वितळतो आणि वाफेला वाट मिळते. सुट्या व्हॉल्व्हचा धातू केव्हा वितळेल, हे वरून पाहून कुणालाच सांगता येत नाही. मधला धातू खचलेला, फुगलेला दिसला किंवा तिथून वाफ झिरपली तर व्हॉल्व्ह बदला. वितळलेल्या भोकात डाख किंवा एम-सील भरून देणारे भेटतात. तसा कुकर चुलीवर ठेवूच नका.