ऑफर नाकारायचा मेल: आठ महिने वापरून पाहिलेली पद्धत

मार्चमध्ये मी माझ्या मावसभावाला व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पाठवला होता, एचआर मॅडमला टाकायच्या आधी एकदा बघून घे म्हणून. मेसेज असा होता, "हाय मॅम, सॉरी पण मला जॉइन करायला नाही जमणार, बुटीबोरी लय लांब पडते, आणि दुसरीकडेपण बोलणं चालू आहे, ते पॅकेज जास्त देऊन राहिले, थँक्स." दादा स्वतः एचआरमध्ये आहे. तो म्हणाला पाठवू नको बाप्पा, पण डिलीटपण करू नको, यातच सगळं आहे, याचाच मेल बनवू.

तेव्हापासून तीन ऑफर्स याच पद्धतीने नाकारल्या. एकदा मस्त जमलं, एकदा माझ्याच चुकीने गोंधळ झाला आणि एकदा काहीच उपयोग झाला नाही. म्हणून ५ पैकी ४.

पद्धत सोपी आहे. आधी जसं तोंडात येते तसा मेसेज लिहायचा, कोणाला न पाठवता. मग त्यातलं एकेक कारण वेगळं काढायचं आणि स्वतःला विचारायचं, उद्या हे बदललं तर मी खरंच जाईन का? माझ्या मेसेजमध्ये तीन कारणं होती. पॅकेज वाढवलं असतं तरी मी नागपुरातल्या मानेवाड्याहून रोज बुटीबोरीला गेली नसती, म्हणजे ते कारण कट. दुसरीकडे बोलणं चालू आहे ही गोष्ट त्यांच्या कामाचीच नाही, तेपण कट. राहिलं अंतर. ऑफिस शहरात असतं तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं, म्हणून मेलमध्ये तेवढंच एक कारण ठेवायचं. मला आधी वाटायचं की 'वैयक्तिक कारणामुळे' लिहिलं की सभ्य दिसते, पण दादा म्हणे की ते वाचून एचआरला काहीच कळत नाही, पुढे तुला कशासाठी फोन करायचा तेपण नाही. आणि पॅकेज लिहिलं की समोरचा ते भाव करायचं आमंत्रण समजतो, दोन दिवसांत वाढवलेला आकडा घेऊन फोन येतो, मग तेव्हा नाही म्हणणं अजून वाईट दिसते.

मेल अर्थात इंग्रजीत गेला, मराठीत सांगायचं तर साधारण असा होता:

"नमस्कार मॅडम, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदाची ऑफर दिल्याबद्दल मनापासून आभार. नीट विचार करून मी ही ऑफर स्वीकारत नसल्याचं कळवते आहे. कारण एकच आहे, मानेवाड्याहून बुटीबोरीचा रोजचा प्रवास मला झेपणारा नाही. दुसऱ्या राउंडला सरांनी परचेस रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी समोर ठेवून फरक शोधायला लावला, तो इंटरव्ह्यू मला फार आवडला. पुढे शहरातल्या ऑफिसमध्ये अकाउंट्सची जागा निघाली तर जरूर कळवा, मी नक्की अर्ज करीन."

बस, पाच वाक्यं. 'सॉरी' कुठेच नाही, ते दादाने काढायला लावलं. त्याने विचारलं, तू उत्तर देऊन राहिली, यात माफी कशाची? आभारपण नुसते ठेवले नाहीत, त्या २बीच्या शीटचा उल्लेख मुद्दाम आहे, कारण तो वाचून सरांना चेहरा आठवतो. 'भविष्यात संधी असल्यास कळवावे' हे सगळेच लिहितात आणि कोणी कळवत नाही, कारण कोणती संधी ते लिहिलेलंच नसते.

अजून दोन गोष्टी त्याने करायला लावल्या, तेव्हा मला फालतू वाटल्या होत्या. एक, ऑफर लेटर ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय करायचा, नवीन मेल नाही, म्हणजे नाव, पद, पगार आणि आपला नकार सगळं एकाखाली एक राहते. दोन, ज्या सरांनी इंटरव्ह्यू घेतला त्यांना वेगळा दोन ओळींचा मेल टाकायचा, एचआरला कळवलं आहे आणि तुमच्या वेळेबद्दल आभार, एवढाच. हे सगळं ऑफर आल्याच्या दुसऱ्या दिवशी, आधी फोन आणि मग लगेच मेल. त्यांच्या पोर्टलवर डिक्लाइनचं बटण होतं, तिथेही कारणांच्या यादीतून लोकेशनच निवडलं, मेलमध्ये एक आणि पोर्टलवर दुसरं असं नको.

ऑक्टोबरमध्ये त्या सरांचा फोन आला. कंपनीने रामदासपेठेत छोटं ऑफिस घेतलं होतं, अकाउंट्सचे दोघं जण तिथे बसणार होते. एचआर मॅडम तोपर्यंत नोकरी सोडून गेल्या होत्या, नवीन एचआरला माझं नावही माहीत नव्हतं. सरांनी स्वतःच्या इनबॉक्समध्ये शोधून माझा तो दोन ओळींचा मेल काढला. वाटाघाटी परत पहिल्यापासून झाल्या, टेस्ट मात्र पुन्हा घेतली नाही.

आता गोंधळाचं. जूनमध्ये दुसरी ऑफर होती, मिहानच्या बाजूची. तिथे मी जरा जास्तच गोड व्हायला गेली आणि लिहिलं, "सध्या जॉइन करणं शक्य होईल असं वाटत नाही." मला वाटलं मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं ही अजून विचार करून राहिली. त्यांनी चार दिवस जागा तशीच धरून ठेवली, दुसऱ्या उमेदवाराला थांबवलं, आणि पाचव्या दिवशी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. चूक पूर्ण माझीच. पहिल्या मेलमध्ये 'स्वीकारत नाही' हे शब्द दुसऱ्याच वाक्यात होते, इथे ते कुठेच नव्हते. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवय नाही, लग्नाचं स्थळ नाकारतानापण 'बघू, कळवतो' चालते, पण एचआरकडे ते हो आणि नाहीच्या मध्ये लटकते. तेव्हापासून पाठवायच्या आधी आईला वाचायला देते, तिला मराठीत सांगते आणि विचारते, मी जाणार आहे का नाही? ती एका सेकंदात नाही म्हटली तर पाठवायचं.

तिसरं ऑगस्टचं. इथे मी ऑफर स्वीकारून बसली होती, जॉइनिंगला नऊ दिवस होते, आणि आहे त्या ऑफिसने पगार वाढवून थांबवलं. मेल जीव तोडून लिहिला, या वेळी 'सॉरी' ठेवलं कारण शब्द मोडलाच होता, कारणपण खरं लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं, "नोंद घेतली." दादा म्हणे यावर मेलचा इलाज नाही, त्यांनी लॅपटॉपसुद्धा मागवून ठेवला असेल. तिथे परत अर्ज करायचा विचार मी सोडून दिला आहे.

कन्सल्टन्सीमार्फत आलेली ऑफर असेल तर कंपनीच्या एचआरला मेल जातो का ते स्वतः बघा. कन्सल्टंटला पैसे बहुतेक आपण जॉइन झाल्यावरच मिळतात, त्यामुळे आपला नकार तो पुढे कोणत्या शब्दांत सांगेल त्याचा भरवसा नाही.

रामदासपेठेची ऑफर मात्र मी घेतली. आता राजीनाम्याचा मेल लिहायचा आहे, त्याचाही कच्चा मेसेज दादाला पाठवून ठेवला आहे, अजून ब्लू टिक आली नाही.