एलिव्हेटरवरचा ड्राइव्ह सुरू होतानाच OC का दाखवत होता: एक पावसाळा वापरल्यानंतर

लातूर एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलमध्ये तुरीच्या बकेट एलिव्हेटरवर मे महिन्यात मोटारीचा वेग कमीजास्त करणारा साडेसात किलोवॉटचा ड्राइव्ह बसवला. मोटार दहा एचपीची, एकदा रिवाइंड झालेली, प्लेटवर १४.५ अँपिअर. ड्राइव्ह १७ अँपिअरचा. पॅनलपासून मोटारीपर्यंत साधारण ४० मीटर आर्मर्ड केबल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जो त्रास झाला तो ड्राइव्हचा नव्हताच.

आषाढ लागला तसं सकाळी पहिल्यांदा चालू करताना OC, म्हणजे ओव्हरकरंटचा कोड, येऊन ट्रिप व्हायला लागलं. दुपारी तोच ड्राइव्ह गुमान चालायचा. डीलरचा पोरगा आला, "मालक, लोड जास्त असंल" म्हणाला, अ‍ॅक्सिलरेशन टाइम ५ सेकंदांचा ३० केला, टॉर्क बूस्ट, म्हणजे कमी वेगात मोटारीला मिळणारं जादा व्होल्टेज, ३ टक्क्यांवरून १० वर नेला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत OC.

या ड्राइव्हची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ट्रिपच्या क्षणाची फ्रिक्वेन्सी आणि करंट तो साठवून ठेवतो. तिथं फ्रिक्वेन्सी दिसत होती 0.6 Hz. म्हणजे बटण दाबलं की लगेच. लोडामुळे ट्रिप होत असेल, एलिव्हेटरच्या तळाच्या बुटात माल भरून बसला असेल, तर करंट चढत जातो आणि ट्रिप थोडं वर, तीन-चार हर्ट्झला होतं. मोटार हलायच्या आधीच करंट उसळत असेल, तर टाइम ३० करा नाहीतर ६०, उपयोग नाही.

मग आमच्या वायरमन मामांनी सकाळीच, ट्रिप होत असतानाच, एकेक गोष्ट वेगळी काढली. सप्लाय बंद करून दहा मिनिटं थांबले, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये ५०० व्होल्टच्या वर डीसी असतो. U, V, W तिन्ही वायरी ड्राइव्हवरून काढल्या, आउटपुट फेज लॉसचं प्रोटेक्शन तेवढ्यापुरतं बंद केलं आणि व्ही/एफ मोडमध्ये रिकामा ड्राइव्ह चालवला. ५० हर्ट्झपर्यंत गेला. म्हणजे ड्राइव्ह संशयातून सुटला. मग केबल जोडली, पण मोटारीच्या टर्मिनल बॉक्समधून सोडवून, टोकं वेगवेगळी टेप करून. स्टार्ट दिल्याबरोबर OC! मोटार जोडलेलीच नाही, म्हणजे दोष केबलमध्येच.

मल्टिमीटरनं मात्र केबल चांगली दाखवली. फेज ते आर्मर काहीच नाही. इथंच बरेच जण फसतात, कारण मल्टिमीटर चार-दोन व्होल्टवर मोजतो आणि ड्राइव्हच्या पल्सची टोकं मोटारीकडच्या बाजूला हजाराच्या आसपास जाऊ शकतात. दोन्ही टोकं सोडवून इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर लावला, तर एका फेजचा काटा शून्यावर पडला. (ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर लावायचा नाही, आतले आयजीबीटी जातात.) तुरीला तेल-पाणी लावतात त्या भिंतीमागे केबलला जुना टेपचा जॉइंट होता. उघडला तर आत ओल, आणि तांब्यावर हिरवा थर. ऊन तापलं की तो सुकायचा, म्हणून दुपारी ट्रिप नाही. जॉइंट काढून टाकला आणि अखंड केबल ओढली.

बोअरवेलला दीड-दोनशे मीटर केबल असेल, तर केबल चांगली असूनही असं ट्रिप होऊ शकतं, ते तिच्या कपॅसिटन्समुळे. ड्राइव्हच्या स्विचिंगची कॅरिअर फ्रिक्वेन्सी कमी केल्यावर ट्रिप थांबलं तर कारण ते. मग आउटपुट चोक लावायचा. ओल्या जॉइंटला कॅरिअरनं सहसा फरक पडत नाही.

नवी केबल टाकल्यावर सकाळचं ट्रिप बंद झालं, पण माल भरलेला असताना अधूनमधून OC यायचंच, आता 3 Hz ला. जागा बदलली म्हणजे कारणही दुसरं. पट्टा काढून मोटार नुसती फिरवली आणि ड्राइव्हच्या डिस्प्लेवर करंट पाहिला: ३० हर्ट्झला ६ अँपिअर, ३ हर्ट्झला मात्र १३. रिकामी मोटार कमी वेगात दुप्पट करंट खातेय, म्हणजे तिला व्होल्टेज जास्त मिळतंय आणि कोअर सॅच्युरेट होतोय. त्या पोरानं वाढवलेला १० टक्के बूस्ट तसाच राहिला होता. तो परत ३ वर आणला, तर ३ हर्ट्झलाही करंट साडेसहाच्या आत. टाइम ८ सेकंद ठेवला.

मोटारीवरही संशय होता, रिवाइंडची म्हणून. पट्टा काढलेलाच होता, तेव्हा थेट सप्लायवर चालवून टाँग टेस्टरनं तिन्ही फेज पाहिले: साडेपाच ते सहाच्या मध्ये, जवळपास सारखे. आतल्या आत दोन वेढे शॉर्ट असते, तर एक फेज बराच वेगळा आला असता. अगदी सुरुवातीचा शॉर्ट मात्र असा सापडेलच असं नाही, त्यासाठी रिवाइंडिंगवाल्याकडची सर्ज टेस्ट लागते.

तेव्हापासून OC नाही. ड्राइव्हबद्दल तक्रारी दोनच. अर्थ फॉल्टसाठी वेगळा कोड नाही, सगळं OC मध्येच दाखवतो; तो कोड असता तर केबलचा संशय पहिल्याच दिवशी आला असता. आणि कूलिंग फॅनवर तुरीची भुकटी बसते, दर पंधरवड्याला ब्लोअर मारावा लागतो. डाळ मिलसाठी घेत असाल तर पॅनलला फिल्टर लावूनच घ्या.