सरासरी एफपीएस की वन पर्सेंट लो?

लातूरला भाच्यासाठी ग्राफिक्स कार्ड बघत होतो. त्याचं बोट थेट चार्टमधल्या सरासरी एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम निघतात त्याच्या, सगळ्यात लांब पट्टीवर. "मामा, हेच घेऊ." मी वही ओढली.

समज, एका कार्डानं शंभर फ्रेम काढल्या: नव्याण्णव प्रत्येकी 10 मिलिसेकंदांत, एक 100 मिलिसेकंदांत. एकूण 1090, म्हणजे सरासरी जवळपास 92. दुसऱ्यानं प्रत्येक फ्रेम 12.5 मिलिसेकंदांत काढली, सरासरी 80. पट्टी पहिल्याचीच लांब. पण त्या एका फ्रेमला चित्र सेकंदाचा दहावा भाग थिजतं, आणि नेम धरलेला असताना तो झटका हाताला कळतो. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमच मोजल्या, म्हणजे वन पर्सेंट लो काढला, तर पहिल्याचा आकडा 10 होतो, दुसऱ्याचा 80 च राहतो. मी दुसरंच घेईन.

सरासरीवरून कार्डाची एकूण ताकद कळते, अडखळणं कळत नाही. लो मात्र एकाच चार्टमधले ताडून बघावेत: कुणी संथ फ्रेमची सरासरी काढतं, कुणी फक्त त्यांच्या सीमेवरच्या फ्रेमची वेळ घेतं. शिवाय लो पडतो तो कधी कार्डामुळं नाही, तर अपुऱ्या रॅममुळं किंवा प्रोसेसरमुळं. भाच्याच्या पीसीत 8 जीबीची एकच स्टिक आहे. आधी ती बघू.