शिवणीतला खिसा: स्कर्टला वेगळा, कुर्त्याला वेगळा

खिशाचा एकच कागदी पॅटर्न काढून ठेवायचा आणि तोच स्कर्टला, तोच कुर्त्याला लावायचा, असं मी बरेच दिवस केलं आणि स्कर्टच्या बाबतीत कधी तक्रार आली नाही. मग एक रेयॉनचा कुर्ता शिवला, त्यात मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा टाकून दिवसभर फिरले, संध्याकाळी आरशात बघते तर उजव्या बाजूचा घेर डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला आणि साइड कटच्या टोकाला शिवण उसवलेली. खिसा तोच, माप तेच, शिलाई तीच. फरक एवढाच की स्कर्टमध्ये खिशाची पिशवी वर बेल्टमध्ये अडकवलेली होती आणि कुर्त्यात ती नुसती बाजूच्या शिवणीला लोंबत होती.

तेव्हा खिसा घालायचा की नाही याच्याआधी एक प्रश्न विचारा, वजन कशावर लटकणार? मोबाइल कव्हरसकट पाव किलोच्या आसपास जातो. स्कर्टला बेल्ट आहे, तो कमरेवर घट्ट बसलेला आहे, त्याला पाव किलोचं काही वाटत नाही. कुर्ता खांद्यावरून लटकतो, खांद्यापासून खिशापर्यंत मध्ये सगळं मोकळं कापड, ते ओढलं जाणारच.

आधी स्कर्ट घेऊ, कारण तो सोपा आहे. खिशाचं तोंड बेल्टच्या खाली 6 ते 7 सेंमीवर सुरू करायचं आणि 15 सेंमी उघडं ठेवायचं. हे 15 कुठून आलं तर हाताचा पंजा जिथे सर्वात रुंद असतो, अंगठा धरून, तिथे मोजा आणि त्यात 4 ते 5 सेंमी मिळवा, बहुतेकांचं 14 ते 16 च्या मध्ये येतं. पिशवी तोंडाच्या खाली अजून 12 सेंमी खोल, आणि वरच्या बाजूला मात्र तोंडापाशी संपवायची नाही, सरळ वर कमरेपर्यंत न्यायची आणि बेल्ट लावताना त्याच टिपेत धरायची. पुढचा भाग, पिशवीचे दोन्ही थर आणि बेल्ट असं सगळं एकत्र. घेरदार, चुण्यांचा स्कर्ट असेल तर पिशवी चुण्यांत घ्यायची नाही, आधी पुढच्या भागाला चुण्या घालून घ्या आणि मग पिशवी सपाट ठेवून वर कच्ची टीप मारा, नाहीतर कमरेला एका बाजूला गाठोडं दिसतं.

एक स्कर्ट मात्र असा की ज्याला हा खिसा घालूच नये असं माझं मत आहे, तो म्हणजे सीटवर अंगासरशी बसणारा. उभं राहिल्यावर ठीक दिसतो पण बसलात की तोंड मासळीसारखं आ वासतं आणि आतलं अस्तर दिसतं. सीटच्या मापापेक्षा स्कर्ट निदान 5 सेंमी तरी सैल हवा, त्याहून कमी असेल तर पुढून तिरका कापलेला खिसा बरा पडतो. खात्री करायची असेल तर कच्च्या टिपेवर घालून खुर्चीत बसा, खिशाच्या तोंडाकडून पोटाकडे आडव्या ओढल्यासारख्या रेषा आल्या तर समजा की कापड पुरत नाहीये.

आता कुर्ता. इथे वरून कमरेने आणि खालून साइड कटने जागा खाल्लेली असते, आणि मधल्या तुकड्यात खिसा बसवायचा असतो. माझ्या मापावर सांगते. खांद्यापासून कंबर 38 सेंमी, सीट 58 च्या आसपास, कट 60 वर सुरू. स्कर्टच्या हिशोबाने कमरेखाली 6 सोडले की तोंड 44 ला सुरू होणार आणि 15 धरून 59 ला संपणार, म्हणजे कटापासून फक्त 1 सेंमी. एवढ्याशा शिवणीवर वरून हात घालायचा जोर आणि खालून चालताना कट फाकायचा जोर, दोन्ही येतात. माझी उसवली ती नेमकी इथेच. खिशाच्या तोंडाचं खालचं टोक आणि कटाची सुरुवात यांच्यात बंद शिवण 4 ते 5 सेंमी पाहिजेच.

मग दोन वाटा. पहिली, कट खाली न्यायचा, 60 ऐवजी 65 ला. खिसा मनासारखा जागेवर राहतो, हात सरळ जातो. पण कट खाली गेला म्हणजे सीटवरची शिवण आता बंद झाली, जिथे आधी कट फाकून जागा मिळत होती तिथे कुर्ता अडकायला लागणार, म्हणून पॅटर्नमध्ये प्रत्येक शिवणीला, पुढे आणि मागे दोन्हीकडे, सीटपाशी 1 ते 1.5 सेंमी वाढवायला लागतं. ए-लाइन कुर्ता असेल तर ही जागा आधीच असते, फारसं काही करायला नको.

दुसरी वाट, कट तिथेच ठेवून खिसा वर उचलायचा. तोंड 41 ला सुरू, 14 चं, 55 ला संपलं, कटापर्यंत 5 सेंमी मिळाले. कोपर थोडं जास्त वाकवावं लागतं पण सवय होते. अंगासरशा कुर्त्याला मी हीच वाट घेते, कारण सीटपाशी वाढवलं की त्याचा आकारच बदलतो.

दोन्ही वाटांत पिशवीचा तळ कटाच्या सुरुवातीच्या खाली उतरतोच, 55 च्या खाली 9 सेंमी खोल धरली तरी 64 होतात. म्हणून कुर्त्याच्या पिशवीचा आकारच वेगळा काढावा लागतो. तोंड संपलं की पिशवीची कड शिवणीला चिकटून सरळ खाली आणायची नाही, पुढच्या बाजूला पोटाकडे वळवायची, इतकी की तळाशी ती शिवणीपासून 4 सेंमी तरी आत असेल. मग चालताना कट फाकला तरी अस्तराचं टोक बाहेर डोकावत नाही. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं आणि दिवसभर मला वाटत होतं सलवारचा काही तरी भाग वर आलाय.

वजनाचं अजून राहिलंच. प्रिन्सेस कट किंवा कळ्यांचा कुर्ता असेल तर नशीब समजा, पिशवीची पुढची कड त्या उभ्या शिवणीत धरता येते आणि वजन दोन शिवणींत वाटलं जातं, अशा कुर्त्यात मोबाइल बिनधास्त ठेवा. कमरेला जोड असलेला फ्रॉकसारखा कुर्ता असेल तर त्या जोडात पिशवी धरा, तो मग स्कर्टच झाला. पण एका अखंड कापडाचा साधा सरळ कुर्ता असेल तर दोनच पर्याय उरतात, एकतर पिशवीच्या आकाराची टीप पुढच्या भागावर वरून दिसेल अशी मारायची, सुती किंवा खादीसारख्या कापडावर ती छान दिसते, रेयॉन-शिफॉनवर आकसते. नाहीतर खिसा लहान ठेवायचा आणि त्यात फक्त रुमाल, किल्ली, सुटे पैसे एवढंच ठेवायचं ठरवायचं. पातळ कापडाच्या कुर्त्यात मोबाइलसाठी खिसा हवाच असेल तर मी सरळ नको म्हणेन.

आता कड कशी करायची. साधी पद्धत म्हणजे पिशवी थेट बाजूच्या कडेला जोडायची. यात कापड कमी लागतं आणि पॅटर्नला हात लावावा लागत नाही, फक्त एक युक्ती सांभाळा, बाजूची माया 1.5 सेंमी असेल तर पिशवी 1.2 वर जोडा, म्हणजे जोड शिवणीच्या 3 मिमी आत लपतो. तरीही तोंड फाकलं की अस्तर दिसतंच, म्हणून मागचा थर तरी कुर्त्याच्याच कापडाचा घ्यावा. दुसरी पद्धत म्हणजे पॅटर्नच्या कडेला तोंडाच्या लांबीइतकी, वर-खाली 2 सेंमी जास्त धरून, 3 सेंमी रुंद जीभ वाढवायची आणि पिशवी त्या जिभेला जोडायची. दिसायला ही फार नीटस, आतला जोड कुणाला सापडत नाही. पण बेतताना त्या दोन जिभांमुळे पॅटर्न रुंद होतो आणि अरुंद पन्ह्याच्या कापडात बाह्या बसत नाहीत असं होऊ शकतं, तेव्हा कात्री चालवायच्या आधी सगळे कागद कापडावर मांडून बघा. स्कर्टला मी जीभ काढते, कुर्त्याला सहसा नाही. पूर्ण पिशवीच पॅटर्नला जोडून एकसंध कापायची पद्धतही आहे, ती भरपूर कापड खाते आणि जाड कापडात मांडीवर उंचवटा येतो, त्यामुळे मी तिच्या वाटेला जात नाही.

मजबुती मात्र दोन्हीकडे सारखी, आणि ही करायची वेळ जोडायच्या आधीची. पुढच्या भागाच्या कडेला उलट्या बाजूने 2.5 सेंमी रुंद पेस्टिंगची पट्टी, तोंडाच्या वर आणि खाली 2-2 सेंमी जास्त. पेस्टिंग चालत नाही अशा कापडाला सुती कापडाच्या काठाची अरुंद पट्टी शिवणीच्या रेषेवर धरा, काठ ताणत नाही. ही पट्टी कागदाच्या पॅटर्नवर मोजून कापायची, कापडावर नाही, कारण सीटच्या गोलाईवर कड थोडी उरेब येते आणि हाताळता हाताळताच ती 5-6 मिमी वाढलेली असते. पट्टीही वाढलेल्या मापाची घेतली तर खिसा कायमचा ढिला.

पिशवी जोडली की पुढच्या कडेला आतून दाबटीप, मग अस्तर बाहेर लोळत नाही. बाजूची शिवण मारताना तोंडाच्या दोन्ही टोकांना 1 सेंमी मागे-पुढे टीप, आणि सगळं झाल्यावर पिशवी पुढे वळवून इस्त्री करून वरून दोन्ही टोकांना आडवी, 1 सेंमीची दाट झिगझॅग. खालचं टोक आधी उसवतं, कारण हात खाली ढकलला जातो, म्हणून कंटाळा आला तरी ते चुकवू नका. फक्त मागे पेस्टिंग नसताना पातळ कापडावर दाट झिगझॅग मारू नका, सुईची भोकं इतकी जवळ येतात की पोस्टाच्या तिकिटासारखं कापड तिथूनच फाटतं आणि ते पुन्हा शिवायला काही उरत नाही. माझ्या रेयॉनच्या कुर्त्याला शेवटी खिसा काढून शिवण सरळ बंद केली, कट 64 वर आणला, आणि त्या अस्तराच्या पिशव्या तेवढ्या पुढच्या स्कर्टमध्ये गेल्या.