केळीच्या सप्लाय करारातलं फोर्स मेजर कलम: कंपनीचा ड्राफ्ट घ्यावा का गटाचा?

रावेर-यावल पट्ट्यात एक्स्पोर्टवाली कंपनी ड्राफ्ट पाठवते, आपला शेतकरी गट रेट, ग्रेड आणि पेमेंट किती दिवसांत एवढं बघतो आणि सही ठोकतो. फोर्स मेजरचं कलम शेवटच्या पानांवर असतं, "आपत्ती आली तर जबाबदारी नाही" एवढंच त्यात आहे असं सगळे धरून चालतात. तसं नसतं भाऊ. आपत्ती कोणकोणती याची यादी दोन्ही ड्राफ्टमध्ये जवळपास सारखीच निघते, खरा फरक पडतो तो दोन ठिकाणी: नोटीस कधी-कशी द्यायची, आणि नुकसान कमी करायला तुम्ही काय-काय करायला बांधील आहात. म्हणून इथे फक्त तेच दोन मुद्दे शेजारी-शेजारी ठेवतोय.

हिशोबासाठी एक उदाहरण धरू, आकडे मी मांडलेले आहेत. गटाने मेच्या मध्यापासून चार महिने आठवड्याला ६० टन, म्हणजे साधारण तीन रीफर कंटेनर, १९०० रुपये क्विंटलने द्यायचे कबूल केलेत. शिवाय दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला आठवड्याला २० टन. सभासदांच्या १०० एकर बागा. जूनच्या सुरुवातीला शनिवारी संध्याकाळी वादळ येतं, ६० एकर आडवी होते, आणि उभ्या बागेतून आठवड्याला २४ टनच एक्स्पोर्टचा माल निघेल अशी परिस्थिती होते.

आधी नोटीस. कंपनीचा ड्राफ्ट म्हणतो, घटना घडल्यापासून २४ तासांत, रजिस्टर पोस्ट एडीनेच, घटनेचं स्वरूप, नुकसान किती, किती दिवस चालेल हे सगळं लिहून आणि सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडून नोटीस द्यायची, नाही दिली तर या कलमाखालचा हक्क संपला. गटाचा ड्राफ्ट म्हणतो, घटना कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ठरलेल्या ईमेलवर पहिली छोटी सूचना द्यायची, दहा दिवसांत सविस्तर कागद, मग दर आठवड्याला अपडेट, आणि उशीर झाला तर हक्क जात नाही, फक्त सूट सूचना दिल्याच्या दिवसापासून धरायची.

आता शनिवारचं वादळ यात घालून बघा. २४ तास रविवारी संध्याकाळी संपतात. लाइट गेलेली, रस्त्यावर झाडं पडलेली, पोस्ट बंद, आणि पंचनामा म्हणाल तर तलाठी आणि कृषी सहायक गावात यायलाच काही दिवस जातात, मग दाखला आणायचा कुठून? म्हणजे ही अट पाळणं जवळपास शक्यच नाही, आणि त्यात "हक्क संपला" ही ओळ असल्यामुळे सोमवारी सकाळी तुम्ही कितीही प्रामाणिकपणे नोटीस टाकली तरी कंपनीचा वकील पहिला मुद्दा मुदतीचाच काढणार. पोस्टाचं तर वेगळंच, टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन करून टाकलंय, तरी जुने ड्राफ्ट अजून "रजिस्टर एडीनेच" म्हणून राहिले, हे बदलून घ्याच.

गटाच्या ड्राफ्टमध्ये तीन कामकाजाचे दिवस म्हणजे बुधवार संध्याकाळपर्यंत वेळ. पहिल्या सूचनेत चार ओळी पुरतात: "शनिवारच्या वादळात सभासदांच्या १०० पैकी अंदाजे ६० एकर बागा पडल्या आहेत. या आठवड्यापासून ६० टनांऐवजी साधारण १८ टन देता येईल असा आजचा अंदाज आहे. कमी पडणारा माल दुसरीकडून मिळतो का ते बघत आहोत. ही करारातल्या फोर्स मेजर कलमाखालची सूचना समजावी." फोटो जोडा, सर्व्हे नंबर लिहा, बस. १८ का आणि २४ का नाही ते पुढे येतंच.

दोन गोष्टींत लोक फसतात. कंपनीच्या फील्डवाल्या पोराला व्हॉट्सअॅपवर "सगळी बाग झोपली, माल विसरा" असं पाठवलं म्हणजे नोटीस झाली असं वाटतं, पण करारात माध्यम ठरलेलं असेल तर तो मेसेज नोटीस ठरेल याची खात्री नाही, उलट "माल विसरा" हे शब्द तुम्ही स्वतःहून करार मोडलात याचा पुरावा म्हणून समोर येऊ शकतात. दुसरं, पीकविमा कंपनीला दिलेली सूचना किंवा तहसीलला दिलेला अर्ज ही खरेदीदाराला दिलेली नोटीस नाही. तिन्ही वेगळे कागद, तिन्ही करायचे.

मुदत काय कंपन्याच घालतात असं नाही. कोविडच्या सुरुवातीला, १९ फेब्रुवारी २०२० ला, केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीसाठी जे कार्यालयीन ज्ञापन काढलं त्यातही हेच होतं की घटना घडताच नोटीस द्यायची, नंतर मागाहून सवलत मागता येणार नाही. त्यामुळे "आपत्ती सगळ्यांना दिसली, नोटीस कशाला" हा युक्तिवाद चालेल अशा भरवशावर राहू नका.

माझं मत विचाराल तर नोटिशीच्या भागात गटाचाच ड्राफ्ट घ्या, आणि कंपनी अडूनच बसली तर २४ तासांवर भांडत बसू नका, "हक्क संपला" ही ओळ काढा आणि घड्याळ "घटना घडल्यापासून" ऐवजी "घटना कळल्यापासून" करा. एवढं झालं तर ४८ तासांवर सही करायलाही माझी हरकत नाही. मात्र कंपनीच्या ड्राफ्टमधली पुराव्याची मागणी पूर्ण फेकू नका, ती सविस्तर कागदात घ्या, कारण तो पंचनामा उद्या तुम्हालाच लागणार आहे.

आता नुकसान कमी करायची जबाबदारी, आणि पैसे खरे इथे जातात. कंपनीचा ड्राफ्ट म्हणतो, पुरवठादाराने "सर्व शक्य प्रयत्न" करून, खर्च कितीही आला तरी, माल इतर ठिकाणाहून उपलब्ध करून द्यावा आणि उपलब्ध माल आधी या खरेदीदाराला द्यावा. गटाचा ड्राफ्ट म्हणतो, "वाजवी प्रयत्न", बाहेरून घेतलेल्या मालाचा जादा खर्च कराराच्या रेटच्या १० टक्क्यांपर्यंत गट सोसेल, त्यावर गेला तर कंपनीने ४८ तासांत सांगायचं की फरक देता का त्या आठवड्याचा माल सोडता, आणि उरलेला माल सगळ्या ग्राहकांत कराराच्या प्रमाणात वाटायचा.

हिशोब करू. २४ टन माल, कबूल केलेला एकूण ८० टन. प्रमाणात वाटला तर कंपनीला १८ आणि दिल्लीला ६, म्हणून वरच्या नोटिशीत १८. कंपनीला कमी पडले ४२ टन, म्हणजे ४२० क्विंटल. वादळानंतर रेट चढतोच, समजा चोपडा किंवा बऱ्हाणपूरकडे तोच ग्रेड २३०० ला मिळतोय, म्हणजे क्विंटलमागे ४०० जास्त, आठवड्याला १,६८,००० रुपये. कंपनीच्या ड्राफ्टमध्ये २४ च्या २४ टन कंपनीला गेले तरी ३६ टनांवर गटाला १,४४,००० चा खड्डा, वर दिल्लीवाल्याचा वाद अंगावर. गटाच्या ड्राफ्टमध्ये क्विंटलमागे १९० गटाचे, म्हणजे ७९,८००, आणि उरलेले ८८,२०० द्यायचे का नाही ते कंपनी ठरवेल. ७९,८०० पण कमी नाहीत, दर आठवड्याला जमणार नसेल तर टक्केवारीऐवजी अख्ख्या सीझनची एक कमाल रक्कम घाला.

कलमात असं काही नसेल आणि तुम्ही म्हणाल रेट वाढला म्हणून परवडत नाही, तर ते कोर्टात टिकणं अवघड आहे. एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की इंडोनेशियाचा कोळसा महागला एवढ्याने फोर्स मेजर होत नाही, करार पार पाडणं महाग पडलं म्हणजे तो अशक्य झाला असं नाही. केळीलाही हेच लागू पडेल. आणि कंत्राट कायद्याचं कलम ५६ आहे ना असं कोणी म्हणत असेल तर, बाजारात माल मिळत असताना करार अशक्य झाला हे पटवणं कठीणच.

म्हणून दोन्ही ड्राफ्टमध्ये माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा शब्द फोर्स मेजरच्या कलमात नाहीच, तो मालाच्या वर्णनात आहे. "जळगाव जिल्ह्यातली ग्रँड नैन" असं लिहिलं तर शेजारच्या तालुक्यात माल आहे तोवर तुमची सुटका नाही. "परिशिष्टातल्या सभासदांच्या, सर्व्हे नंबर दिलेल्या बागेतली" असं लिहिलं तर बाहेरून आणायचा प्रश्नच वेगळा होतो. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा २०२४ चा आरटीआय विरुद्ध एमयूआर शिपिंगचा निकाल याच अंगाचा आहे, करारात पेमेंट डॉलरमध्ये ठरलेलं, निर्बंधांमुळे अडचण आल्यावर समोरच्याने युरो देऊ केले, कोर्ट म्हणालं की वाजवी प्रयत्नांत करारात नसलेली गोष्ट स्वीकारणं येत नाही. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण तर्क दोन्हीकडून लागतो: सर्व्हे नंबर लिहिलेले असतील तर बऱ्हाणपूरचा माल तुम्ही कंपनीच्या गळ्यात मारू शकत नाही, आणि कंपनीही तुम्हाला तो आणायला लावू शकत नाही. पुरवठादार म्हणून मी सर्व्हे नंबरच लिहीन. खरेदीदार असतो तर जिल्हा लिहिला असता, उगाच खोटं कशाला बोलायचं.

कंपनीच्या ड्राफ्टमध्ये अजून एक वाक्य असतं, "शहाण्या माणसाला आधी अंदाज करता आला असता अशी घटना वगळून". मे-जूनचं वादळ आपल्याकडे कोणाला माहीत नाही? हे वाक्य राहिलं तर नोटीस वेळेत, प्रयत्न पूर्ण, तरीही कलम लागू नाही असं ऐकावं लागेल. वादळ नावाने लिहून घ्या आणि त्यासोबत "बागेभोवती शेवरी किंवा गवताचं कुंपण आणि घड लागलेल्या झाडांना आधार दिलेला असल्यास" एवढी अट स्वतःहून घाला. आधीपासूनची काळजी हाही नुकसान कमी करण्याचाच भाग, आणि तशीही ती आपण घेतोच, फक्त वादळाआधीचे तारखेसह फोटो ठेवा.

राहिलं करार संपवायचं. कंपनीकडे ३० दिवसांनंतर फक्त कंपनीला अधिकार, गटाकडे ६० दिवसांनंतर दोघांना, आणि तोही फक्त कमी पडलेल्या मालापुरता. आडव्या झालेल्या बागेत पिलावर पुढचा घड यायला कित्येक महिने लागतात, म्हणजे ३० काय आणि ६० काय, दोन्ही उलटणारच. मग दिवस वाढवून मागण्यापेक्षा "कमी पडलेल्या मालापुरता" हे शब्द मागा, नाही तर ४० एकर उभी बाग आणि आठवड्याचे १८ टन हातात असतानाही अख्खा करार जायचा.