सात महिन्यांनंतर: प्रवासात चुकीची वेळ दाखवणारे घड्याळ

फोनशी ब्लूटूथने जुळणारे आणि दोन शहरांची वेळ एकत्र दाखवणारे हे डिजिटल घड्याळ मी सात महिने रोज वापरत आहे. प्रवास नसताना त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद सहज पुढेमागे होते, मात्र हे रोज फोनवरून वेळ घेत असल्याने सेकंदही चुकत नाही. अडचण आली ती १५ मार्च २०२५ रोजी लंडनहून न्यूयॉर्कला उतरल्यावर.

मुख्य वेळ लंडनची होती आणि खालच्या छोट्या चौकटीत न्यूयॉर्कची. उतरलो तेव्हा मुख्य वेळ २०:०० होती, म्हणजे लंडनच्या हिशोबाने अगदी बरोबर, पण खाली १५:०० दिसत होते आणि विमानतळावरच्या घड्याळात १६:०० वाजले होते. घाईत मी मुख्य वेळच हाताने १६:०० करून टाकली, आणि त्याच क्षणी खालची वेळ ११:०० झाली. रात्री घड्याळाने फोनवरून वेळ घेतली आणि सकाळी सात वाजता वर ११:००, खाली ६:०० असे दिसले.

यात घड्याळ बिघडलेले नव्हते. ते आत एकच जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, मोजते आणि निवडलेल्या शहराचा फरक त्यात मिळवून दोन्ही वेळा दाखवते. शहर लंडनच ठेवून मी तास बदलले, तेव्हा बदलली ती मुळातली वेळ, म्हणून दुसरी चौकटही तितकीच, चार तास, मागे गेली. पुढे फोनवरून वेळ आली तेव्हा घड्याळाने ती लंडनसाठी दुरुस्त केली, कारण माझ्या घड्याळात ही जुळणी मुख्य शहर बदलत नाही. योग्य उपाय म्हणजे दोन्ही शहरांची अदलाबदल करणे, आणि त्यासाठी एक बटण तीन सेकंद दाबून धरावे लागते.

तरी एक तास चुकतच राहिला. अमेरिकेत उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरती एक तास पुढे केलेली वेळ, मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. त्या वर्षी ९ ते ३० मार्च या काळात दोन्ही शहरांतला फरक नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा होता. माझ्याकडे न्यूयॉर्कसाठी उन्हाळी वेळेची `DST` ही सेटिंग `OFF` राहिली होती. ती `AUTO` केल्यावर वेळ जुळली. ही सेटिंग प्रत्येक शहरासाठी वेगळी असते, हे पुस्तिकेत ठळकपणे सांगायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

आता चूक दिसली की मी आधी सेकंद पाहतो. सेकंद जुळत नसतील तर फोनशी जुळणी झालेली नाही; मिनिटे-सेकंद बरोबर असून तासच चुकत असतील तर शहर तपासायचे, आणि फरक नेमका एका तासाचा असेल तर सर्वांत आधी `DST`. अर्ध्या तासाचा फरकही शहराचाच असू शकतो, कारण सगळ्या देशांची वेळ यूटीसीपासून पूर्ण तासांच्याच अंतरावर नसते.