वारंवार पिन टाकणं टाळायचंय: घर, घड्याळ की गाडी?

पिन टाकून कंटाळा आला की बरेच जण Screen timeout वाढवून १० मिनिटांवर नेतात. त्यात बॅटरी उतरते आणि टेबलावर ठेवलेला फोन तेवढा वेळ सताड उघडा राहतो. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन विझणं वेगळं आणि लॉक पडणं वेगळं. स्क्रीन ३० सेकंदांत विझू द्या. त्यानंतर किती वेळाने लॉक पडावं, ते स्क्रीन लॉकच्या सेटिंगमध्ये Lock after screen timeout इथे ठरतं.

ओळखीच्या जागी किंवा ओळखीच्या उपकरणाजवळ लॉक पडूच नये, ही सोय म्हणजे Extend Unlock. जुन्या फोनवर तिचं नाव Smart Lock. एकदा फोन स्वतः उघडावा लागतो, मग तो उघडा राहतो. चार तास हात लावला नाही किंवा फोन रीस्टार्ट केला, की पुन्हा पिन.

आता जागा निवडावी की उपकरण? 'घर' हा पर्याय सगळ्यात आकर्षक वाटतो, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोनला तुमच्या भिंती कळत नाहीत, त्याच्याकडे जागेचा फक्त अंदाज असतो आणि ही हद्द ८० मीटरपर्यंत जाऊ शकते. तुम्ही चौथ्या मजल्यावर राहत असाल तर शेजारची विंग, पार्किंग आणि कदाचित गेटसमोरचं किराणा दुकानही त्यात येतं. दुकानाच्या काउंटरवर विसरलेला फोन तिथेही उघडाच. यूपीआयचा पिन वेगळा असतो हे खरं, पण ओटीपीचे मेसेज आणि ईमेल समोरच्याला दिसतात, आणि पासवर्ड बदलायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. शेतातलं सुटं घर असेल तर हा पर्याय चालेल.

उपकरणांमध्ये गाडीचा ब्लूटूथ उत्तम: गाडी बंद केली की जोडणी तुटते. मनगटावरचं घड्याळ त्याच्या खालोखाल, कारण ब्लूटूथ मोकळ्या जागेत बराच लांब पोचतो आणि हॉटेलात तुम्ही हात धुवायला गेलात तरी टेबलावरचा फोन उघडा राहू शकतो. इयरफोन मात्र नकोच. तो फोनसोबत एकाच पर्समध्ये असतो, पर्स गेली की दोन्ही एकदमच जातात.

आयफोनवर 'घरी पासकोड नको' अशी सोय नाही. Auto-Lock ३० सेकंद ते ५ मिनिटं किंवा Never एवढंच ठरवता येतं. चेहरा झाकलेला असताना अॅपल वॉच फोन उघडून देतं, तेवढाच अपवाद.

अँड्रॉइडवर बोटाचा ठसा नीट चालत असेल तर मी Extend Unlock बंदच ठेवेन आणि लॉक लगेच पडू देईन. ठसे पुसट झालेल्या, सतत ओल्या हातांनी काम करणाऱ्या माणसाला घड्याळ द्यावं. सोय चालू असताना पॉवर बटण दाबूनही लॉक पडत नाही, म्हणून गर्दीत शिरण्याआधी पॉवर मेन्यूतलं Lockdown दाबायचं. मग फोन फक्त पिन, पॅटर्न किंवा पासवर्डनेच उघडतो.